प्री-ओपनचा भाव आणि सव्वानऊची पहिली कँडल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत आम्ही पाच-सहा जण सकाळी एकत्र बसून मार्केट बघतो, आणि ओपनिंग रेंजवर, म्हणजे पहिल्या पंधरा मिनिटांतल्या वरच्या-खालच्या भावावर, काम करणाऱ्या प्रत्येकाचं गाडं कधी ना कधी एकाच ठिकाणी अडतं. कालच्या बंद भावापासून आज शेअर किती दूर उघडला तो गॅप एकाच्या स्क्रीनवर दीड टक्क्याच्या वर, दुसऱ्याच्या स्क्रीनवर खाली, शेअर तोच, दिवस तोच. माझा मालवणचा मावसभाऊ तर दर आठवड्याला फोन करून विचारतो, "ह्यो आकडो खयसून इलो?" म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. सगळं एनएसईच्या कॅश मार्केटबद्दल आहे, फ्युचर्सचं शेवटी थोडक्यात.

प्री-ओपनमध्ये नऊ ते सव्वानऊ नक्की काय चालतं?

नऊ वाजता ऑर्डर घ्यायला सुरुवात होते. ऑर्डर टाकता येते, बदलता येते, रद्द करता येते, पण सौदा एकही होत नाही. ही खिडकी ९:०७ ते ९:०८ च्या मधे कुठल्यातरी सेकंदाला बंद होते, आणि तो सेकंद मुद्दामच आधी कुणाला कळू देत नाहीत, नाहीतर शेवटच्या क्षणी मोठी ऑर्डर टाकून किंवा काढून घेऊन भाव हलवणं फार सोपं झालं असतं. मग ९:१२ पर्यंत एक भाव ठरवून त्या भावाला सौदे जुळवतात, हाच तो लिलाव, आणि ९:१२ ते ९:१५ नुसता थांबा असतो, त्यात जुळवणीतून उरलेल्या ऑर्डरी नेहमीच्या बाजारात सरकवल्या जातात. ऑक्टोबर २०१० मध्ये हे निफ्टी आणि सेन्सेक्समधल्या शेअर्सपुरतं सुरू झालं, २०१३ पासून बाकीच्या शेअर्सनाही लागू झालं.

स्टॉपलॉस ऑर्डर या खिडकीत चालत नाही हेही लक्षात असू द्या.

हा लिलाव म्हणजे मिरकरवाड्यावर मासळीचा होतो तसाच का?

नाही, आणि हा फरक नीट कळला की पुढचं अर्धं काम झालं. बंदरावर एकेक टोपली पुढे येते, तिच्यावर बोली चढत जाते, ही टोपली एका भावाला गेली तर पुढची दुसऱ्या भावाला जाते. प्री-ओपनमध्ये समजा सगळे घेणारे आणि सगळे विकणारे आपापला भाव चिठ्ठीवर लिहून देतात, मग सगळ्या चिठ्ठ्या एकत्र उघडून असा एक भाव शोधतात ज्या भावाला सगळ्यात जास्त माल हात बदलेल. तो भाव सगळ्यांना सारखा. तुम्ही चिठ्ठीवर जास्त लिहिलं असेल तरी द्यायचं तेवढंच जेवढं ठरलं.

दोन भावांना जुळणारा माल सारखाच निघाला तर ज्या भावाला न जुळलेली शिल्लक कमी राहते तो घेतात, तिथेही बरोबरी झाली तर कालच्या बंद भावाच्या जवळचा.

एक उदाहरण आकड्यांसकट सांगाल का?

सांगतो, आणि पुढच्या सगळ्या उत्तरांत हेच उदाहरण वापरणार आहे म्हणून हे नीट वाचा. एक शेअर धरा, नाव काहीही असू दे, आकडे मी सोपे घेतलेत. कालचा अधिकृत बंद भाव ५००.

घेणारे असे : बाजारभावाने २,००० शेअर, ५१२ ला ३,०००, ५१० ला ४,०००, ५०८ ला ५,०००, ५०५ ला ६,०००. विकणारे असे : बाजारभावाने १,०००, ५०४ ला २,०००, ५०७ ला ३,०००, ५०८ ला ४,०००, ५१० ला ५,०००, ५१२ ला ६,०००.

आता ५०७ ला बघा. विकायला तयार एकूण ६,०००, घ्यायला तयार १४,०००, म्हणजे जुळणार ६,०००. ५०८ ला विकणारे १०,००० आणि घेणारे १४,०००, जुळले १०,०००. ५१० ला विकणारे १५,००० होतात पण घेणारे उरतात ९,०००, म्हणजे जुळणार ९,०००. सगळ्यात जास्त माल ५०८ ला जुळतो, म्हणून भाव ठरला ५०८.

खरी मेख पुढे आहे. जुळवताना आधी भाव लिहिलेल्या ऑर्डरी एकमेकांत जुळवतात, मग उरलेल्या भाव लिहिलेल्या ऑर्डरींशी बाजारभावाच्या ऑर्डरी, आणि सगळ्यात शेवटी बाजारभाव विरुद्ध बाजारभाव. आपल्या उदाहरणात ५०८ किंवा जास्त लिहिलेले घेणारे १२,०००, ५०८ किंवा कमी लिहिलेले विकणारे ९,०००, हे ९,००० आधी जुळले. घेणाऱ्यांचे ३,००० उरले, त्यांना बाजारभावाने विकणारे १,००० मिळाले. झाले १०,०००, माल संपला. म्हणजे ५०८ लिहिलेल्यांपैकी २,००० शिल्लक, आणि ज्यांनी "काय असेल त्या भावाला द्या" म्हणून २,००० मागितले होते त्यांना एकही शेअर मिळाला नाही. लोकांना वाटतं मार्केट ऑर्डर टाकली की पहिला नंबर आपलाच, इथे उलटं आहे, ती रांगेत मागे असते.

ही न मिळालेली मार्केट ऑर्डर तशीच हवेत राहत नाही, ती ५०८ ची लिमिट ऑर्डर बनून नेहमीच्या बाजारात येते. आधीच उरलेले २,००० धरून सव्वानऊला ५०८ वर ४,००० चे घेणारे उभे असतात आणि विकणाऱ्यांचा सगळ्यात खालचा भाव ५१०.

मग पहिली कँडल ५०८ ला उघडते की ५१० ला?

तुमचा डेटा कुठून येतो त्यावर आहे, आणि सगळा गोंधळ इथेच सुरू होतो. सव्वानऊला कुणी पटकन विकत घेतलं तर त्याला ५१० ला मिळणार, कारण त्याखाली विकणारा कुणीच नाही. म्हणजे चालू बाजारातला पहिला सौदा ५१०. पण एक्सचेंजच्या हिशेबात दिवसाचा ओपन ५०८ च राहतो, कारण दिवसाचे पहिले सौदे तिथेच झालेत. डेली कँडलवर ५०८ दिसेल. एक मिनिटाच्या चार्टवर काही ठिकाणी ९:१५ ची कँडल ५०८ पासून सुरू केलेली असते, काही ठिकाणी ५१० पासून, आणि काही ठिकाणी ९:०७ किंवा ९:०८ अशी वेळ असलेली एक वेगळी चपटी कँडल दिसते जिचे चारही भाव ५०८ असतात. यातलं कुणी खोटं बोलत नाहीये, प्रत्येकाने लिलावाचे सौदे वेगळ्या कप्प्यात टाकलेत एवढंच.

त्यामुळे पहिली कँडल ५०८ पासून दाखवलेली असेल तर तिची जी हिरवी बॉडी दिसते त्यातले खालचे पहिले दोन रुपये कुणी वर ढकललेलेच नाहीत. लिलाव संपल्यावर आणि बाजार उघडण्याआधी जी दरी राहिली तीच बॉडी म्हणून रंगवलीय. "पहिली कँडल जोरदार हिरवी" असा नियम लावणाऱ्यांनी हे आधी बघा.

माझ्या चार्टवर कुठला प्रकार आहे हे कसं ओळखायचं?

एनएसईच्या साइटवर प्री-ओपन मार्केटचा तक्ता असतो, त्यात `IEP` च्या रकान्यात सुचवलेला भाव हलताना दिसतो आणि लिलाव झाला की `Final` मध्ये ठरलेला भाव येतो, सोबत किती माल जुळला तेही. दोन-तीन शेअर्सचे ते आकडे वहीत लिहून ठेवा. मग आपल्या चार्टवरच्या ९:१५ च्या एक मिनिटाच्या कँडलचा ओपन बघा. लिलावाच्या भावाशी तंतोतंत जुळला तर एकाच शेअरवर विश्वास ठेवू नका, कारण कधीकधी पहिला सौदाही त्याच भावाला होतो. चार-पाच शेअर्स घ्या, त्यात कमी उलाढालीचे एक-दोन असू द्या, तिथे फरक लगेच उघडा पडतो.

व्हॉल्यूमही तपासा. समजा पहिल्या मिनिटात खरोखर १८,००० शेअर्सचे सौदे झाले आणि चार्ट २८,००० दाखवतोय, तर लिलावाचे १०,००० त्यात मिसळलेत. असं झालं की पहिली कँडल कायमच अवाढव्य दिसते, आणि "आजचा पहिल्या मिनिटाचा व्हॉल्यूम नेहमीच्या किती पट" हे माप बिघडतं, कारण लिलावात किती माल जुळतो ते रोज वेगळं असतं आणि पहिल्या मिनिटातल्या हालचालीशी त्याचा थेट संबंध नसतो.

व्हीवॅपचं, म्हणजे व्हॉल्यूमनुसार काढलेल्या सरासरी भावाचंही तेच. आपल्या उदाहरणात पहिल्या मिनिटातले १८,००० सरासरी ५११.५० ला झाले असं धरलं तर ९:१५ पासून मोजणाऱ्या चार्टवर व्हीवॅप ५११.५० येईल, आणि एक्सचेंजचा दिवसाचा सरासरी भाव लिलाव धरून ५१०.२५. सव्वा रुपयाचा फरक, तोही पहिल्याच मिनिटाला. दिवस पुढे सरकतो तसा तो कमी होत जातो, पण ओपनिंगवाल्याचं काम तोवर होऊन गेलेलं असतं.

गॅप प्रत्येकाचा वेगळा का येतो?

कारण गॅपला दोन टोकं असतात आणि दोन्ही टोकांना दोन-दोन पर्याय आहेत. उघडण्याच्या टोकाचे आपण बघितले, ५०८ आणि ५१०. कालच्या टोकालाही तसंच आहे. एनएसईचा अधिकृत बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. आपण वापरतो त्या पद्धतीत तो दुपारी ३:०० ते ३:३० मधल्या सौद्यांचा व्हॉल्यूमनुसार काढलेला सरासरी भाव असतो. डेली कँडलला बहुतेक ठिकाणी तोच लावलेला असतो. पाच मिनिटांच्या चार्टवर मात्र कालची शेवटची कँडल जिथे संपली तो शेवटच्या सौद्याचा भाव असतो.

समजा काल शेवटच्या दहा मिनिटांत शेअर वर पळाला आणि शेवटचा सौदा ५०३.४० ला झाला, पण अर्ध्या तासाची सरासरी ५०० च राहिली. आता बघा :

५०० ते ५०८ धरलं तर गॅप १.६० टक्के.
५०० ते ५१० धरलं तर २ टक्के.
५०३.४० ते ५१० धरलं तर १.३१ टक्के.
५०३.४० ते ५०८ धरलं तर ०.९१ टक्के.

एकच शेअर, एकच सकाळ, आणि गॅप ०.९१ पासून २ टक्क्यांपर्यंत काहीही. दीड टक्क्याच्या वर गॅप असेल तरच बघायचं असा ज्याचा नियम आहे, त्याच्यासाठी हा शेअर यादीत आहे की नाही हे बाजाराने ठरवलं नाही, त्याच्या चार्टने ठरवलं.

मी स्वतः ५०० ते ५०८ धरतो, म्हणजे अधिकृत बंद ते लिलावाचा भाव, कारण दोन्ही आकडे एक्सचेंजने ठरवून जाहीर केलेले असतात आणि कुठल्याही डेटामध्ये तेच सापडतात. पण काल शेवटी जोराची हालचाल झाली असेल तर शेवटच्या सौद्यापासूनचा गॅपही शेजारी लिहून ठेवतो, कारण दिसणाऱ्या ८ रुपयांतले ३.४० कालच झालेले असतात, रात्रीच्या बातमीने आलेले फक्त ४.६०. बोनस किंवा स्प्लिटची तारीख असेल तर जुने भाव त्या प्रमाणात जुळवले आहेत ना एवढं पाहून घ्या.

९:०३ ला दिसणाऱ्या भावावरून गॅपचा अंदाज बांधू का?

मी तरी बांधत नाही. तोवरच्या ऑर्डरी कुणीही काढून घेऊ शकतो, त्यासाठी काही मोजावं लागत नाही, आणि थोड्या ऑर्डरींवर काढलेला भाव एका मोठ्या ऑर्डरने पार बदलतो. ९:०५ नंतर तो जरा स्थिरावतो असं पुष्कळदा दिसतं, तरी खिडकी बंद होईपर्यंत तो सुचवलेलाच भाव असतो. यादी बनवायला वापरा, आकडा म्हणून वहीत लिहायचा तो ९:०८ नंतरचाच.

ओपनिंग रेंजमध्ये लिलावाचा भाव धरायचा की नाही?

सगळ्यात जास्त भांडणं यावरच होतात. आपल्या शेअरमध्ये ९:१५ ते ९:३० मधला चालू बाजारातला वरचा भाव ५१४.८० आणि खालचा ५०९.२० धरू. म्हणजे रेंज ५.६० रुपयांची. लिलावाचा ५०८ धरला तर खालचं टोक ५०८ आणि रेंज ६.८० रुपयांची, सरळ एकवीस टक्क्यांनी मोठी. आता ९:५२ ला भाव ५०८.६० ला आला. पहिल्याच्या हिशेबात रेंज खाली तुटली, तो विकून मोकळा. दुसऱ्याच्या हिशेबात काहीच झालेलं नाही. टार्गेट रेंजच्या पटीत ठेवणाऱ्याचं टार्गेटही बदललं, आणि स्टॉपलॉस दुसऱ्या टोकाला ठेवणाऱ्याची क्वांटिटीसुद्धा.

माझं मत स्पष्ट आहे, रेंजमध्ये लिलावाचा भाव धरू नये. ओपनिंग रेंज मोजायची कशासाठी, तर पहिल्या पंधरा मिनिटांत घेणारे-विकणारे समोरासमोर येऊन भाव कुठून कुठे ओढतात ते बघायला. लिलावात ओढाताण होतच नाही, एकच भाव निघतो, त्याला वरचं-खालचं टोक नसतं. पण म्हणून तो फेकूनही देत नाही. ५०८ ची रेघ मी चार्टवर वेगळ्या रंगात ओढतो, कारण तिथे उरलेल्या ४,००० शेअर्सचे घेणारे खरोखर उभे होते. ते अजून आहेत की ऑर्डर काढून गेले हे चार्ट सांगत नाही, मार्केट डेप्थ बघावी लागते. शिल्लक विकणाऱ्यांची उरली असती तर तीच रेघ वरून दाब देणारी ठरू शकली असती.

एक सापळा मात्र ध्यानात ठेवा. ब्रोकरच्या स्क्रीनवर ९:३० ला जो "आजचा लो" दिसतो त्यात लिलाव धरलेला असतो. पुष्कळ जण रेंजचा लो म्हणून तोच आकडा उचलतात आणि मग चार्टवरचा लो वेगळा का म्हणून डोकं खाजवत बसतात.

डेटा स्वतः हाताळत असाल तर दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा :

```python
bars = df.between_time("09:15", "09:29")
or_high = bars["high"].max()
or_low = bars["low"].min()
gap = auction_open / official_close - 1
```

इथे `df` मध्ये एकाच दिवसाच्या एक मिनिटाच्या कँडल आहेत आणि कँडलची वेळ ती सुरू झाल्याची धरलीय, म्हणून ९:२९ पर्यंत. आणि ९:१५ च्या कँडलमध्येच लिलाव मिसळलेला असेल तर या ओळी तुम्हाला वाचवणार नाहीत, आधी वर सांगितलेली तपासणी करा.

बॅकटेस्टमध्ये मस्त नफा दिसतो आणि प्रत्यक्षात येत नाही, याचा याच्याशी संबंध आहे का?

पुष्कळदा असतो, आणि मी यात स्वतः पैसे घालवलेत. नियम साधा होता, गॅप दीड टक्क्यापेक्षा जास्त असेल तर ओपनला घ्यायचं. डेली डेटावर तपासला, निकाल छान आले, सुरू केलं, आणि पहिल्या महिन्यातच कळलं की बॅकटेस्टमध्ये जो भाव धरलाय तो मला एकदाही मिळत नाहीये.

कारण असं. गॅप किती हे कळतं ९:०८ ला, लिलावाचा भाव ठरल्यावर. आणि तो कळेपर्यंत लिलावाची खिडकी बंद झालेली असते. म्हणजे ५०८ हा भाव बघून ५०८ ला घेणं शक्यच नाही, आपल्याला मिळणार सव्वानऊचा ५१० किंवा त्याहून वरचा. डेली डेटात ओपन म्हणून ५०८ लिहिलेला असतो, बॅकटेस्ट बिनदिक्कत त्या भावाला घेऊन टाकतो. एका सौद्यात दोन रुपये, म्हणजे ०.३९ टक्के, सुरुवातीलाच गेले, आणि माझ्या त्या नियमाचा सरासरी नफा याच्यापेक्षा लहान होता.

मग वाटतं, आधीच मार्केट ऑर्डर टाकून ठेवली तर? तेव्हा वरचं उदाहरण आठवा. घेणारे जास्त असतील तेव्हाच तर गॅप वर जातो, आणि घेणारे जास्त असतात तेव्हाच मार्केट ऑर्डर न जुळता मागे राहण्याची शक्यता जास्त. जिथे हवं तिथे मिळत नाही आणि विकणारे तुटून पडलेले असतात तिथे पूर्ण मिळतं.

त्यामुळे गॅप मोजायला लिलावाचा भाव आणि एंट्रीला ९:१५ च्या पहिल्या मिनिटातला खरा भाव, तोही थोडा वाईट धरून, असे दोन वेगळे रकाने ठेवा.

लाइव्ह डेटा मी स्वतः साठवतो, तरी माझ्या कँडल दुसऱ्याशी जुळत नाहीत.

ब्रोकरकडून येणारा लाइव्ह डेटा बहुधा प्रत्येक सौदा देत नाही, सेकंदात काही वेळा टिपलेलं चित्र देतो. सव्वानऊला सौद्यांचा पूर असतो, दोन चित्रांच्या मधे झालेला सगळ्यात वरचा भाव तुमच्याकडे आलाच नाही असं सहज होतं. त्यात आपल्याकडे जून-जुलैत लाइट आणि नेट कधी जाईल सांगता येत नाही, एकदा माझ्या फाइलमध्ये पहिली कँडल ९:१५ च्या नावाने होती पण पहिला टिक चाळीस सेकंद उशिराचा होता. म्हणून प्रत्येक कँडलसोबत तिच्या पहिल्या टिकची वेळही साठवा आणि संध्याकाळी ब्रोकरच्या हिस्टॉरिकल डेटाशी पहिल्या पंधरा मिनिटांचे हाय-लो ताडून बघा.

लिलावात काहीच जुळलं नाही तर?

कमी उलाढालीच्या शेअर्समध्ये होतं असं. भाव ठरतच नाही, ऑर्डरी पुढे सरकतात, आणि चालू बाजारात जो पहिला सौदा होईल तोच दिवसाचा ओपन. तो ९:१५ लाच होईल असं नाही, ९:२२ लाही होऊ शकतो. असे शेअर ओपनिंग रेंजच्या यादीत घेऊच नयेत.

निफ्टीच्या चार्टवर पहिली कँडल विचित्र का दिसते?

निफ्टीचे सौदे होत नाहीत, तो पन्नास शेअर्सच्या भावांवरून काढलेला आकडा आहे. लिलावात ठरलेल्या भावांवरून निफ्टीचा ओपन निघतो, मग सव्वानऊला एकेका शेअरचा पहिला सौदा होतो तसा आकडा हलतो. म्हणून बॉडीचा किंवा वरखालच्या वातीचा पहिला तुकडा बऱ्याचदा लिलाव ते पहिला सौदा एवढ्या उडीचाच असतो. आणि इंडेक्सला व्हॉल्यूम नसल्याने वर सांगितलेली व्हॉल्यूमची तपासणी इथे चालत नाही, ओपनच ताडून बघायचा.

फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये प्री-ओपन आहे का?

डिसेंबर २०२५ पासून चालू महिन्याच्या इंडेक्स आणि स्टॉक फ्युचर्सना आहे, ऑप्शन्सना नाही. त्याआधी फ्युचर्स थेट सव्वानऊला उघडायचे. म्हणजे फ्युचर्सचा अनेक वर्षांचा डेटा एकत्र तपासत असाल तर त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे ओपन एकाच जातीचे नाहीत, दोन तुकडे करून तपासा. ऑप्शनच्या पहिल्या मिनिटात अजूनही भाव वेडेवाकडे येतात, तिथे खरेदी-विक्रीतलं अंतर मोठं असतं, म्हणून ऑप्शनच्या चार्टवर ओपनिंग रेंज काढण्यापेक्षा मूळ शेअर किंवा फ्युचर्सवर काढावी असं मला वाटतं.

नवीन आयपीओ लिस्ट होतो त्या दिवशी?

त्या दिवशी त्या शेअरसाठी वेगळा लांब लिलाव असतो आणि चालू बाजार दहा वाजता सुरू होतो. ९:१५ ते ९:३० मोजणारा प्रोग्राम तिथे रिकामा येतो किंवा एरर देतो, त्या एका दिवसापुरती रेंज १०:०० पासून मोजावी लागते.